आभाळ निरभ्र, तरी मुलीचं उड्डाण रद्द. हा वाऱ्याचा रिपोर्ट कोणी समजावून सांगेल का?

केळीवाला_रावेर (धागाकर्ता) · १६ मे, सकाळी ७:४०

राम राम मंडळी. माझी मुलगी खान्देशातल्याच एका फ्लाइंग स्कूलला आहे. स्कूलचं नाव लिहीत नाही, पोरीचं शिक्षण अजून चालू आहे. व्यावसायिक लायसन्सला २०० तास भरावे लागतात आणि मे लागल्यापासून तिची दुपारची सोलो सारखी रद्द होतेय. ढगाचा ठिपका नाही, धुकं नाही, पावसाचं तर नावच नको.

काल डबा द्यायला मी स्वतः गेलो होतो. दुपारचे अडीच वाजलेले. विमानं दोर लावून बांधून ठेवलेली आणि पोरं लिंबाच्या सावलीत बसलेली. मी विचारलं तर म्हणे, "क्रॉसविंड आहे, गस्टही आहेत." तिने मोबाईलवर हा रिपोर्ट दाखवला, तो मी तसाच उतरवून घेतला:

```
METAR VAAU 150830Z 23016G26KT 6000 NSC 40/06 Q1003 NOSIG
```

मला यातलं शेवटचं NOSIG तेवढं समजलं, पोरीनेच सांगितलं की विशेष बदल नाही असा त्याचा अर्थ. मग विशेष काही नाही तर विमान का उडत नाही? खोलीभाडं आणि मेस महिन्यावर चालू आहे, तास मात्र पुढे सरकत नाहीत. स्कूल टाळाटाळ करतंय की खरंच काही कारण आहे, हे जाणकारांनी सांगावं.

---

भुसावळ_स्पॉटर · ८:१५

काका, सोपं आहे. METAR म्हणजे विमानतळाचा हवामान रिपोर्ट, VAAU म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ. पंधरा तारीख, ०८३० यूटीसी, म्हणजे आपले दुपारचे २. वारा २३० अंशांकडून, म्हणजे नैर्ऋत्येकडून, १६ नॉट आणि झोत, म्हणजे गस्ट, २६ नॉटपर्यंत. दृश्यमानता ६००० मीटर, लक्षात घेण्याजोगा ढग नाही, तापमान ४०, दवबिंदू ६, दाब १००३.

आता हिशोब. झोत पूर्ण धरायचा नसतो, अर्धाच धरतात. १६ आणि २६ मधला फरक १०, त्याचे निम्मे ५, म्हणजे २१ नॉट. धावपट्टी पूर्व-पश्चिम, विमान २७ वर, म्हणजे २७० अंशांच्या तोंडाने उतरणार, वाऱ्याचा कोन ४० अंश. आडवा वारा, म्हणजे क्रॉसविंड, निघतो साडेतेरा नॉट. सेस्ना १७२ ची कायदेशीर मर्यादा १५ आहे. म्हणजे मर्यादेच्या आतच!

शिवाय हा रिपोर्ट अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचा. आपल्या तापीखोऱ्याला तो लागूच होत नाही. मला तर टाळाटाळच वाटते.

---

पारोळेकर · ८:५०

विषय निघालाच आहे तर माझंही सांगतो. गेल्या महिन्यात पुण्याहून जळगावला पंख्याच्या विमानाने आलो. उतरायच्या आधी दहा मिनिटं एअर पॉकेट लागलं आणि विमान पाचशे फूट धाडकन खाली पडलं. बायकोने माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठले. नंतर पट्टी समोर दिसत असताना विमान पुन्हा वर नेलं आणि दुसऱ्या फेरीत उतरवलं. अशा वेळी भाडं परत मिळतं का?

---

गिरणाकाठ · १०:३०

केळीवाले दादा, मी बरीच वर्षं पोरांना उडायला शिकवलंय, आता घरीच असते. तुमच्या मुलीच्या स्कूलचा माझा काही संबंध नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

स्पॉटरने रिपोर्ट बरोबर वाचलाय, हिशोब मात्र दोन ठिकाणी सोयीचा केलाय.

आधी कोन. आडवा वारा काढायला आम्ही पोरांना घड्याळ वापरायला शिकवतो. पट्टी आणि वारा यांच्यात जितके अंश तितकी मिनिटं समजायची. १५ मिनिटं म्हणजे पाव तास, तर वाऱ्याचा पाव भाग आडवा लागतो. ३० ला निम्मा, ४५ ला पाऊण, ६० आणि त्याच्या पुढे सगळाच्या सगळा. इथे ४०, म्हणजे दोन तृतीयांश. १६ नॉटचे साधारण साडेदहा, २६ चे सतरा. साइनचं कोष्टक घेऊन बसलात तरी १०.३ आणि १६.७ येतात. कॉकपिटमध्ये एवढं पुरतं.

आता तो अर्धा झोत. ती पद्धत खरी आहे, पण वेगळ्या कामाची आहे. उतरताना विमानाचा वेग नेहमीपेक्षा किती जास्त ठेवायचा हे ठरवताना झोताच्या फरकाचे निम्मे मिळवतात, म्हणजे इथे ५ नॉट. कारण मध्येच झोत ओसरला तर पंखाखालची उचल एकदम कमी होते, आणि तेव्हा हाताशी थोडा वेग शिल्लक असावा लागतो. आडवा वारा मोजताना शिकाऊ मुलांसाठी मी तरी झोत पूर्ण धरते. चाकं टेकायच्या क्षणी झोत येणार की नाही, हे कोणी सांगू शकत नाही.

आणि १५ नॉट ही कायदेशीर मर्यादा नाही. विमानाच्या चाचण्यांत कसलेल्या वैमानिकाने एवढ्या आडव्या वाऱ्यात उतरून दाखवलं, असं हँडबुक सांगतं. पंचवीस-तीस तासांच्या मुलीने एकटीने तेवढ्या वाऱ्यात उतरावं असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. सोलोसाठी प्रत्येक स्कूल स्वतःचा आकडा ठरवतं आणि तो १५ पेक्षा बराच खाली असतो. तुमच्या स्कूलचा लेखी आकडा काय आहे, तो मागून घ्या. खरा प्रश्न तो आहे.

राहिलं NOSIG. पुढच्या दोन तासांत हवेत उल्लेखनीय बदल अपेक्षित नाही, एवढंच ते सांगतं. तुमच्या मुलीच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की हा वारा चारपर्यंत तरी ओसरत नाही. ज्याला उडायचंय त्याच्यासाठी ही वाईटच बातमी.

---

आबा_वेधशाळा · ११:२०

सेवानिवृत्त निरीक्षक आहे, वाऱ्याच्या नोंदी घेण्यात आयुष्य गेलं. दोन गोष्टी सांगतो, बाकी मॅडमनी नीट मांडलंय.

मेटारमधला वारा हा दहा मिनिटांचा सरासरी वारा असतो, जमिनीपासून दहा मीटर उंचीवरच्या यंत्राने घेतलेला. त्या दहा मिनिटांत सर्वांत जोराचा झोत सरासरीपेक्षा किमान १० नॉटने जास्त असेल तरच G लिहितात. १६ च्या सरासरीला २५ चा झोत आला तर रिपोर्टमध्ये नुसतं 23016KT दिसेल. म्हणून G दिसला नाही म्हणजे वारा संथ आहे असं समजू नये. कालच्या रिपोर्टमध्ये फरक बरोबर १० आहे, जेमतेम नोंदीत आला.

टॉवरवरून वैमानिकाला उतरताना जो वारा सांगतात तो दोन मिनिटांच्या सरासरीचा असतो. म्हणून रिपोर्ट एक सांगतो आणि टॉवर दुसरंच, अशी तक्रार होते. दोघेही बरोबर असतात.

---

केळीवाला_रावेर · दुपारी १२:०५

आबा, सरासरीची गोष्ट पटली. आमच्या बागेतही तसंच. दिवसभर वारा सुटला तरी घड लागलेली केळी टिकून राहते, पण वळवाच्या आधीचा एक झोत आला की अख्खी ओळ आडवी. म्हणून तर आम्ही बांधाला शेवरी लावतो.

ताई, आकडा मागतो. पण एक सांगा. आभाळ इतकं स्वच्छ असताना हवा अशी खवळते कशी? आणि सकाळी तर पानही हलत नाही.

---

गिरणाकाठ · दुपारी २:१०

दादा, याचं उत्तर त्याच रिपोर्टमध्ये आहे, फक्त लिहिलेलं नाही. मेटारमध्ये हवेतल्या हादऱ्यांसाठी रकानाच नसतो. आधी उडालेल्या वैमानिकाने रेडिओवर कळवलं किंवा मोठ्या भागासाठी सिग्मेट नावाची सूचना निघाली, तरच टर्ब्युलन्स शब्दाने कळतो. एरवी तो ताडावा लागतो.

40/06 बघा. तापमान आणि दवबिंदूत ३४ अंशांचा फरक. जमिनीलगतची हवा तापून वर निघाली की ती किती उंचीवर गेल्यावर ढग धरेल याचा ढोबळ हिशोब आम्ही एका अंशाला ४०० फूट असा करतो. म्हणजे साडेतेरा हजार फुटांपर्यंत ढग धरण्याची शक्यताच नाही. ओलसर दिवसात ऊन तापलं की कापसासारखे ढग दिसतात, त्यांच्याखाली हवा वर जातेय हे वैमानिकाला लांबूनच कळतं आणि तो बाजूने जातो. मे महिन्यात खान्देशात हवा तितकीच जोरात वर जाते, पण इतकी कोरडी असते की खूण उमटत नाही. तुम्ही ज्याला स्वच्छ आभाळ म्हणता, त्यात हवेचे खांब उभे असतात.

सकाळचं कारणही हेच. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन तळाशी पडून राहते. दोन-तीन हजार फुटांवर वारा वाहतच असतो, पण त्याचा आणि खालच्या हवेचा संबंध तुटलेला असतो. साडेनऊ-दहानंतर जमीन तापते, खालची हवा वर जाते आणि तिच्या जागी वरची वेगवान हवा खाली उतरते. ती खाली आपटते तेव्हा झोत म्हणून नोंदली जाते. म्हणजे गस्ट आणि हादरे हे दोन वेगळे त्रास नाहीत, दोघांचं मूळ एकच. म्हणून मे महिन्यात शहाणा इन्स्ट्रक्टर सोलो सकाळी सहा ते नऊमध्ये उरकतो.

आता तुमच्या केळीकडे येते. पट्टीवर उतरायला येताना विमान समजा नांगरून टाकलेल्या काळ्या रानावरून येतंय. ते रान उन्हात धगधगत असतं, हवा वर फेकते, विमान ठरलेल्या उतारावरून वर उचललं जातं. शिकाऊ पोरगी पॉवर कमी करते. पुढच्याच क्षणी खाली पाणी भरलेली केळीची बाग येते. तिथे जमीन गार, वर जाणारी हवा संपते, उलट थोडी खालीच दाबते. आता पॉवर कमी आणि विमान खाली जातंय. तिने पुन्हा पॉवर द्यायची, तेवढ्यात डावीकडून झोत येतो, डावा पंख उचलला जातो आणि नाक पट्टीवरून सरकतं. हे सगळं आठ-दहा सेकंदांत.

आडव्या वाऱ्यात उतरण्याची रीत अशी: येताना नाक वाऱ्याकडे थोडं वळवून विमान तिरकं आणायचं. टेकण्याआधी रडरने नाक पट्टीच्या रेषेत आणायचं आणि त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूचा पंख किंचित खाली धरायचा, नाहीतर विमान वाऱ्याबरोबर पट्टीच्या कडेला वाहून जातं. वारा स्थिर असेल तर हे दहा-पंधरा लँडिंगमध्ये हाताला बसतं. झोताचा वारा असेल तर पंख किती खाली आणि रडर किती, हे दर सेकंदाला बदलत राहतं. चाकं तिरकी असताना टेकली तर सगळा ताण चाकांच्या पायांवर येतो आणि विमान पट्टीवरून बाहेर फेकलं जाऊ शकतं.

---

धुळेकर_भाऊ · दुपारी ३:३०

आमना साक्रीकडे वारा इतका शे की डोंगरवर बठ्ठ्या पवनचक्क्याच उभ्या कऱ्यात. ब्राह्मणवेलले जाई या, कान बधिर व्हतीस. मना एकच सवाल. वारा नैर्ऋत्येकडून येस हाई माहीत शे, मंग पट्टी त्याच तोंडले काबरं बांधी नई?

---

भुसावळ_स्पॉटर · दुपारी ४:००

भाऊ, बरोबर बोललात. आणि आपल्या पट्टीवर जमत नसेल तर जळगाव, संभाजीनगर किंवा ओझरला जाऊन उतरता येईल की. फ्लाइट प्लॅनमध्ये पर्यायी विमानतळ असतोच.

ताई, झोताचं मान्य. पण रिपोर्ट डोंगरापलीकडचा आहे हा मुद्दा मी सोडणार नाही.

---

गिरणाकाठ · सायंकाळी ५:२५

स्पॉटर, तो मुद्दा सोडू नकोसच, तो चांगला आहे. संभाजीनगर पठारावर आहे, आपण खाली खोऱ्यात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळा, मधून तापी. खालचा वारा बऱ्याचदा खोऱ्याच्या दिशेने वळतो, म्हणजे तिकडे २३० असला तर इकडे तो अधिक पश्चिमेचा असू शकतो. तसं झालं तर आडवा भाग कमी होतो. पण शेजारचा रिपोर्ट टाकाऊ ठरत नाही. हवा किती कोरडी आहे, झोत आहेत का, ते पुढे टिकतील का, हे त्यातून कळतं. दिशा आणि जोर मात्र आपल्या मैदानावरच्या यंत्रावरून आणि विंडसॉकवरून घ्यायचा. साधारण १५ नॉटला विंडसॉक पूर्ण आडवा होतो. तो आडवा राहून डावी-उजवीकडे झटके देत असेल तर मी यंत्राकडे बघतही नाही.

पर्यायी विमानतळाचं मात्र जपून. जळगावची पट्टी ०९/२७. संभाजीनगरची ०९/२७. ओझरचीही ०९/२७. नैर्ऋत्येचा जोरदार वारा सगळ्या भागावर असेल तर तिन्ही ठिकाणी तो त्याच कोनात लागणार. धुकं किंवा पाऊस असेल तर या तिन्हींपैकी कोणताही खरा पर्याय होऊ शकतो, आडव्या वाऱ्याला नाही. त्यासाठी वेगळ्या तोंडाची पट्टी शोधावी लागते. इंदूरची ०७/२५ आहे, म्हणजे २३० च्या वाऱ्याला फक्त वीस अंशांचा फरक. सुरतची ०४/२२, तिथे हाच वारा जवळजवळ नाकासमोर येतो. पण जळगावहून इंदूर सुमारे १०५ सागरी मैल, मध्ये सातपुडा. सुरत १६० च्या पुढे, आणि जाताना हाच वारा अंगावर घेत जायचं. शंभर नॉटच्या सेस्नाला ते दीड तासाहून बरंच जास्त पडतं. तेवढं इंधन निघतानाच टाकीत हवं. आडवा वारा फ्लाइट प्लॅनमध्ये शिरतो तो असा, इंधनाच्या रकान्यातून.

धुळेकर भाऊ, पट्टी एकदाच बांधतात, वर्षभराच्या वाऱ्याचा कल बघून. आपल्याकडे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पश्चिमेचाच जोर जास्त, म्हणून पूर्व-पश्चिम पट्टी चुकीची नाही. काही मोठ्या विमानतळांवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या असतात, मुंबईला आहेत. एका फ्लाइंग स्कूलसाठी दुसरी पट्टी कोण बांधणार?

---

टर्बोप्रॉप_माजी · रात्री ८:४५

गिरणाकाठ मॅडम, बाकी सगळं मान्य, झोत पूर्ण धरण्यावर मात्र माझा आक्षेप आहे. मी दोन ठिकाणी नोकरी केली. एकीकडे मर्यादेत झोत धरायचा असा नियम होता, दुसरीकडे स्थिर वाऱ्यावर मर्यादा आणि झोताचा निर्णय कॅप्टनवर. दोन्हीकडे रोज विमानं उतरत होती. झोत काही सेकंदांचाच असतो. तो पूर्ण धरून बसलं तर मे-जूनमध्ये निम्मा खान्देश बंद ठेवावा लागेल. आणि पोरांनी गस्टी क्रॉसविंड कधी बघितलाच नाही, तर लायसन्स घेऊन बाहेर पडल्यावर ते पहिल्यांदा बघणार कुठे? प्रवासी घेऊन?

पारोळेकर साहेब, तुमच्या विमानाचं सांगतो. हवेत पोकळी नसते. आधी वर जाणाऱ्या हवेत विमान उचललं जातं, तिच्यातून बाहेर पडताच खाली जाणाऱ्या हवेत शिरतं. पोट वर येतं म्हणून पाचशे फूट वाटतात. उंचीच्या काट्यावर बहुतेक वेळा वीस-तीस, फार तर शंभर फुटांचा फरक दिसतो. आणि पट्टी दिसत असताना विमान वर नेलं ते कॅप्टनने योग्य केलं. पाचशे फुटांवर वेग, उतार आणि दिशा मर्यादेत स्थिर नसतील तर पुन्हा वर जायचं, असा आमच्याकडे नियम होता. त्या विमानाला सेस्नाच्या दुपटीहून जास्त आडवा वारा झेपतो, पण मध्येच वेग पंधरा नॉटने वर-खाली होत असेल तर झेपणं वेगळं आणि नीट उतरणं वेगळं. भाडं परत मिळत नाही. उलट दुसऱ्या फेरीचं डिझेल कंपनीच्या खिशातून गेलं म्हणायचं, अर्थात त्याला एटीएफ म्हणतात.

---

गिरणाकाठ · रात्री ९:३०

कॅप्टन, तुमचे सहवैमानिक हजार-हजार तासांचे होते. मी बोलतेय ती तीस तासांच्या आणि एकट्या मुलीबद्दल. शेजारी इन्स्ट्रक्टर असताना गस्टी क्रॉसविंड दाखवायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. सोलोला मी झोत पूर्णच धरणार.

---

टर्बोप्रॉप_माजी · रात्री ९:४०

सोलोपुरतं ठीक. पण मग त्या दुपारी इन्स्ट्रक्टरबरोबरची ड्युअल तरी का उडाली नाही, हे स्कूलला विचारायला हवं. पोरं झाडाखाली का बसली होती?

---

केळीवाला_रावेर · १८ मे, सायंकाळी ६:५०

सगळ्यांचे आभार. आज स्कूलला जाऊन आलो. रागाने गेलो नव्हतो, कागद मागितला. त्यांनी दाखवला. सोलोला आडवा वारा १० नॉटपर्यंत, झोतासह. इन्स्ट्रक्टरबरोबर १५ पर्यंत, तोही झोतासह.

मग पंधरा तारखेची त्यांची स्वतःची नोंद बघितली. दुपारी दोनला मैदानावर वारा २४० अंशांकडून १४ नॉट, झोत २४. ताई म्हणाल्या तसा तो संभाजीनगरपेक्षा थोडा पश्चिमेचाच निघाला. ताईंच्या घड्याळाने मी तिथेच हिशोब केला. कोन ३०, म्हणजे निम्मा. १४ चे ७, २४ चे १२. सोलो १० च्या वर, म्हणून बंद. हे मला पटलं. मुलगी शेजारी उभी होती, तिला माझा हिशोब बघून हसू आवरेना.

पण १२ हे १५ च्या आत आहे. म्हणजे कॅप्टन म्हणतात तशी ड्युअल उडायला हवी होती. विचारलं तर एकाने सांगितलं की दुपारी पट्टीवर ४३ तापमान होतं, विमान जड होतं, चढाई कमी मिळते. दुसरा म्हणाला इन्स्ट्रक्टर कमी होते. यातलं खरं कोणतं?

---

गिरणाकाठ · सायंकाळी ७:३५

दोन्ही खरं असू शकतं. ४३ अंशांना, दाबही कमी असताना, खान्देशातल्या पट्टीवर विमानाला हवा साडेचार-पाच हजार फुटांवरच्या इतकी विरळ लागते. पट्टी जास्त खाल्ली जाते, वर चढणं मंदावतं. त्यात हवा खाली दाबत असेल तर उड्डाणानंतर पहिले दोनशे फूट नकोसे असतात. टाकी अर्धी ठेवून, विमान हलकं करून नेता येतं, पण ते ठरवणारा इन्स्ट्रक्टर त्या विमानात बसणारा असतो. त्याने नाही म्हटलं तर मी बाहेरून त्याला हो म्हणायला लावणार नाही. इन्स्ट्रक्टर कमी असतील तर मात्र ती स्कूलची अडचण आहे, हवेची नाही. उड्डाण रद्द झाल्याचं कारण रोज लेखी द्या, असं म्हणा. "हवामान" एवढा एकच शब्द घेऊ नका, वाऱ्याचे आकडे आणि वेळ मागा. महिन्याभरात तुम्हालाच दिसेल की किती दिवस वाऱ्याचे होते आणि किती माणसांच्या कमतरतेचे.

आणि सकाळची पाळी मागून घ्या. सहाची. पोरीला उठायला लावा.

---

टर्बोप्रॉप_माजी · रात्री ८:०५

हे मान्य. झोताचं अजूनही मान्य नाही.

---

आबा_वेधशाळा · रात्री ८:२०

आकडे मागाल तेव्हा तो दहा मिनिटांच्या सरासरीचा आहे की क्षणिक, हेही विचारा. लहान मैदानावर बऱ्याचदा कोणीतरी काट्याकडे एकदा बघून लिहून टाकतो.

---

पारोळेकर · रात्री ९:१०

सगळं वाचलं. भाडं मिळणार नाही हे कळलं. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच विमानाने यायचंय आणि बायको तयार नाही. कुठल्या सीटवर हादरे कमी लागतात?

---

टर्बोप्रॉप_माजी · रात्री ९:२५

पंखांच्या आसपासच्या रांगा घ्या, अगदी मागच्या घेऊ नका. आणि सकाळचं विमान असेल तर तेच.

---

पारोळेकर · रात्री ९:३०

विमान दुपारचंच आहे.